सारामाका कोण, हे कुणी ठरवायचं?

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला सुरीनाम नावाचा छोटासा देश आहे. १९७५ पर्यंत तो डचांच्या ताब्यात होता. देशाचा बहुतेक भाग घनदाट जंगलाचा. त्या जंगलातून वाहणाऱ्या सुरीनाम नदीच्या वरच्या अंगाला सारामाका नावाचे लोक राहतात. त्यांची साठाहून जास्त गावं आहेत आणि बारा कुळं. कूळ आईकडून चालतं. जमीन कुणा एकाच्या नावावर नसते, ती कुळाची असते. कुणी कुठे शेत करायचं, कुठे शिकार करायची, होडीसाठी कुठलं झाड तोडायचं, हे कुळातली मोठी माणसं ठरवतात. सगळ्यांच्या वर एक प्रमुख असतो, त्याला ते ‘गामा’ म्हणतात.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, हे तिथले आदिवासी. पण सारामाका त्या भूमीतले मूळचे नाहीत. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून उसाच्या मळ्यांवर आणलं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यातले काही मळ्यांवरून पळाले आणि जंगलात शिरले. पाठलागावर येणाऱ्या फौजांशी त्यांनी पिढ्यानपिढ्या लढाया केल्या. शेवटी १७६२ साली डचांनीच त्यांच्याशी तह केला आणि त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. सुरीनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ मध्ये, म्हणजे सारामाका त्याआधी शंभर वर्षं स्वतंत्र होते. त्या भूमीतले मूळचे लोक वेगळेच. कालिन्या, लोकोनो, ट्रिओ, वायाना ही त्यांची नावं.

१९९० च्या दशकात सरकारने सारामाकांना न विचारता त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे आणि खाणींचे परवाने दिले. त्याआधी १९६० च्या दशकात अॅल्युमिनिअमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून अफोबाका धरण बांधलं गेलं होतं आणि सारामाकांच्या मुलखाचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला होता. परत तसंच होऊ द्यायचं नाही असं ठरवून गावप्रमुखांच्या संघटनेने २००० साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. प्रकरण पुढे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २८ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल लागला. झाडं, खाणी, नुकसानभरपाई हे सगळं नंतरचं. आधी न्यायालयाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. हे लोक मूळचे इथले नाहीत, तर मग मूलनिवासी आणि आदिवासी समूहांना मिळणारं संरक्षण यांना कशाच्या आधारावर द्यायचं?

या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय कायद्यात जे उत्तर आहे ते प्रामुख्याने एका कराराच्या पहिल्या कलमात सापडतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, १९८९ मध्ये केलेला हा करार क्रमांक १६९. मूलनिवासींचे हक्क कामगार संघटनेकडे कसे, असं वाटणं साहजिक आहे. वसाहतींमधल्या मळ्यांवर आणि खाणींवर वेठीने राबवले जाणारे बहुतेक मजूर याच समाजांतले होते, म्हणून १९२० च्या दशकापासून हा विषय त्या संघटनेकडे आला आणि तिथेच वाढला.

करार १६९ मध्ये दोन प्रकारचे समूह सांगितले आहेत. पहिला प्रकार जमातींचा. ज्यांची सामाजिक, सांस्कृतिक आणि आर्थिक स्थिती देशातल्या इतर समाजापेक्षा वेगळी आहे आणि ज्यांचा कारभार पूर्णपणे किंवा काही अंशी स्वतःच्या रूढींनी किंवा खास कायद्यांनी चालतो, ते लोक. दुसरा प्रकार मूलनिवासींचा. बाहेरच्यांनी देश जिंकला, वसाहत केली किंवा आजच्या सीमा आखल्या गेल्या, त्या वेळी जे लोक तिथे राहत होते त्यांचे वंशज, आणि ज्यांनी आपल्या सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक किंवा राजकीय संस्था थोड्या तरी टिकवून ठेवल्या आहेत, ते लोक.

पहिल्या प्रकारात ‘आधी कोण आलं’ हा प्रश्नच नाही. माझ्या मते या कलमातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे. अमेरिका खंडात किंवा ऑस्ट्रेलियात गोरे कधी आले याची तारीख सांगता येते. आशिया आणि आफ्रिकेत हजारो वर्षं लोकांची ये-जा चालू आहे, तिथे ‘सगळ्यात आधीचे’ शोधायला निघालं तर वादाला अंत नाही, आणि त्या वादाचा आडोसा सरकारांना आयता मिळतो. भारताचंच बघा. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मतदानाला आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, पण सोबत सांगितलं की स्वातंत्र्याच्या वेळची भारताची सगळीच लोकसंख्या आणि तिचे वंशज मूलनिवासी आहेत. करार १६९ मध्ये ही पळवाट चालत नाही. मूलनिवासी म्हणा किंवा जमात, दोघांना हक्क तेच. भारताने हा करार स्वीकारलेला नाही ही गोष्ट वेगळी. आशियात तो फक्त नेपाळने स्वीकारला आहे.

या दोन वर्णनांच्या खाली त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. आपण मूलनिवासी किंवा जमात आहोत असं लोकांनी स्वतः मानणं, ही करार कुणाला लागू होतो हे ठरवण्याची एक मूलभूत कसोटी समजली जाईल, अशा अर्थाचं. हे वाक्य तिथे का आलं हे कळायला आधीचा करार पाहावा लागतो.

तो होता १९५७ चा करार क्रमांक १०७. त्याने जमातींची व्याख्या करताना म्हटलं होतं की त्यांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती देशातल्या इतर समाजाने गाठलेल्या टप्प्यापेक्षा ‘कमी प्रगत’ आहे. त्यात ‘अर्ध-जमाती’ असाही एक वर्ग होता. जमातीची लक्षणं हरवत चाललेले, पण उरलेल्या समाजात अजून पुरते न मिसळलेले लोक. म्हणजे शिडीची एक पायरी खाली असणं हीच ओळख, आणि वर चढलं की ओळख गेली. कराराचा हेतूही तोच होता, हळूहळू सगळ्यांना मुख्य समाजात सामावून घेणं. त्या काळातल्या सरकारांना यात काही खटकत नव्हतं. भारताने तो करार १९५८ मध्ये स्वीकारला आणि आजही भारतावर बंधनकारक आहे तो हाच जुना करार.

अशा व्याख्येत एक पेच दडलेला असतो. बाहेरचा माणूस लक्षणांची यादी घेऊन येतो. लंगोटी आहे का, धनुष्यबाण आहे का, बोली वेगळी आहे का, हे बघतो. मुलगी शिकली, घरावर पत्रे आले, मोटारसायकल आली, की यादीतल्या खुणा एकेक करून पुसल्या जातात आणि हक्कही पुसले जातात. टिकून राहायचं तर जसे होतात तसेच राहा, असा त्याचा अर्थ होतो. इतर कुठल्याच समाजावर ही अट नाही. पुण्यातल्या माणसाने धोतर सोडून पॅन्ट घातली म्हणून तो मराठी उरला नाही असं कुणी म्हणत नाही.

१९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांनी खोसे मार्तिनेस कोबो यांच्याकडे मूलनिवासींच्या स्थितीचा अभ्यास सोपवला. तो पूर्ण व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. त्यांनी एक कामचलाऊ व्याख्या दिली, आणि माणसाच्या पातळीवर दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या. माणूस स्वतःला त्या समूहाचा मानतो का, आणि समूह त्याला आपला मानतो का. आपल्यात कोण आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या हस्तक्षेपाशिवाय समूहाकडेच राहिला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. १९८९ च्या कराराने हाच विचार पुढे नेला. २००७ च्या जाहीरनाम्याने तर व्याख्याच केली नाही. तो मसुदा बनत असताना व्याख्येवरून बरीच घासाघीस झाली. शेवटी व्याख्या न करता कलम ३३ मध्ये एवढंच आलं की आपली ओळख आणि आपलं सदस्यत्व आपल्या प्रथांनुसार ठरवण्याचा हक्क या लोकांना आहे.

आता पुन्हा सुरीनामकडे. तिथल्या सरकारनेही करार १६९ स्वीकारलेला नव्हता. तरी न्यायालयाने तपासणी जवळपास त्याच कसोट्यांनी केली. सारामाका कुळांच्या नियमांनी चालतात का? हो. त्यांचं जमिनीशी नातं वेगळं आहे का? त्यांच्या लेखी जंगल हे अन्नाचं कोठार आहे, पूर्वजांचं ठिकाण आहे आणि १७६२ च्या आधीच्या लढायांची आठवणही तिथेच गुंतलेली आहे. सारामाकांबरोबर अनेक वर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी या गोष्टींबद्दल न्यायालयात साक्ष दिली. देशातल्या इतरांपेक्षा आपण वेगळे लोक आहोत असं ते स्वतः मानतात का? याबद्दल तर शंकाच नव्हती. न्यायालयाने निष्कर्ष काढला की सारामाका त्या प्रदेशातले मूलनिवासी नाहीत, पण ते जमात आहेत, आणि मूलनिवासींच्या जमिनीबद्दल न्यायालयाने आजवर जे म्हटलं ते सगळं त्यांनाही लागू होतं.

सरकारने मग दुसरीकडून मुद्दा काढला. बरेच सारामाका आता राजधानी पारामारिबोत राहतात, नोकऱ्या करतात, आधुनिक समाजात मिसळले आहेत. कोण सारामाका आणि कोण नाही हे सांगणंच कठीण, तर हक्क द्यायचे कुणाला? वरून हा युक्तिवाद फार व्यवहारी वाटतो. करार १०७ ची विचारसरणी मात्र त्यात जशीच्या तशी आहे. काही जण शहरात गेले की सगळा समूहच विरघळला असं धरायचं.

न्यायालयाने उत्तर दोन भागांत दिलं. काही सारामाका बाहेर राहतात किंवा वेगळ्या पद्धतीने जगतात, एवढ्याने समूहाचं वेगळेपण जात नाही. आणि एखादी व्यक्ती समूहाच्या वतीने सामूहिक हक्क सांगू शकते की नाही, हा प्रश्न सारामाकांनी आपल्या रूढींप्रमाणे सोडवायचा. तो ना सरकारने सोडवायचा, ना न्यायालयाने. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशांनी यादी हातात घेऊन ‘हा खरा, तो खोटा’ असं करायचं नाकारलं. तीन वर्षांनी पराग्वेमधल्या श्माक कासेक समाजाच्या खटल्यात हेच न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. त्या समाजात सानापाना आणि एन्शेत अशा दोन गटांतले लोक एकत्र आलेले होते आणि सरकार विचारत होतं की मग हे नेमके कोण? समाजाचं नाव काय आणि त्यात कोण येतं, हा त्या समाजाच्या स्वायत्ततेचा भाग आहे, इतरांनी तो निर्णय मानायचा, असं न्यायालयाने सांगितलं.

सारामाकांच्या बाजूने निकाल लागल्यामुळे सरकारवर ठोस बंधनं आली. त्यांचा मुलूख आखून त्याची सामूहिक मालकी तीन वर्षांत द्यायची. मोठा प्रकल्प आणायचा तर आधी त्यांची संमती घ्यायची, आणि त्यातून होणाऱ्या फायद्यात त्यांचा वाटा ठेवायचा. ती मुदत कधीच उलटली आणि जमिनीची आखणी रखडली. ओळख मान्य होणं आणि जमीन हाती येणं यांत बरंच अंतर असतं.

म्हणजे कुणीही उठून ‘आम्ही मूलनिवासी’ म्हणावं आणि झालं, असं आहे का? नाही. करारात स्वतःची ओळख ‘मूलभूत कसोटी’ आहे, एकमेव कसोटी नाही. वर सांगितलेली वर्णनं लागू पडायला हवीतच. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या काही बोअर, म्हणजे डच वसाहतकारांच्या वंशातल्या गोऱ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींसाठीच्या कार्यगटात येऊन आपणही मूलनिवासी आहोत असा दावा केला. तिथल्या मूलनिवासी प्रतिनिधींना हे पटलं नाही. वर्णभेदाच्या काळात सत्तेवर असलेल्या समाजाला दडपलेल्यांच्या रांगेत कसं उभं करायचं? १९९६ मध्ये त्या कार्यगटाच्या अध्यक्ष एरिका-आयरीन दाएस यांनी एक टिपण लिहिलं. त्यात भूमीवर आधीपासून असणं, संस्कृती स्वेच्छेने टिकवणं आणि स्वतःची ओळख यांच्याबरोबर दडपलं जाण्याचा, जमिनीवरून हुसकावलं जाण्याचा अनुभवही त्यांनी धरला होता.

उलट बाजूची अडचणही असते. सॅन्ड्रा लव्हलेस या कॅनडातल्या मॅलिसीट या मूलनिवासी समाजातल्या. त्यांनी समाजाबाहेर लग्न केलं आणि कॅनडाच्या इंडियन अॅक्टप्रमाणे त्यांचा ‘इंडियन’ हा दर्जा गेला. समाजातल्या पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचा दर्जा जात नव्हता. घटस्फोटानंतर त्यांना आपल्या लोकांत, टोबिक इथल्या राखीव वस्तीत परत राहायचं होतं, पण कायद्याच्या नोंदीत त्या आता कुणीच नव्हत्या. १९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ठरवलं की त्यांना आपल्या समाजात राहण्यापासून अडवणं हे नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम २७ चं उल्लंघन आहे. १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. त्या कधी मॅलिसीट नव्हत्या असं नव्हतं. सरकारी वहीतून नाव खोडलं गेलं, एवढंच घडलं होतं.

मराठी वाचकाला या सगळ्यातला पेच लगेच कळेल, कारण आपल्याकडे जातीच्या दाखल्याचं प्रकरण घरोघरी ठाऊक आहे. अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि तिच्यात बदल फक्त संसद करू शकते. यादीसाठी वापरल्या जाणाऱ्या कसोट्या १९६५ च्या लोकुर समितीच्या आहेत. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तपणा, बाहेरच्या समाजात मिसळायला बुजणं आणि मागासलेपण. यातली एकही कसोटी त्या लोकांना काय वाटतं हे विचारत नाही. बुजणं ही कसोटी तर बघणाऱ्याच्या नजरेवरच बेतलेली आहे. तहसीलच्या दारात मोठ्या आवाजात भांडणारी कातकरी बाई या कसोटीत बसेल का?

व्यक्तीच्या पातळीवर महाराष्ट्रात आधी प्रांतांकडून दाखला मिळतो आणि मग तपासणी समिती त्याची पडताळणी करते. समितीचं दक्षता पथक गावी जाऊन चौकशी करतं. त्यात एक ‘अॅफिनिटी टेस्ट’ असते. लग्नात काय विधी करता, कुलदैवत कोणतं, मयताचे सोपस्कार काय, बोलीत अमुक गोष्टीला काय म्हणता, असे प्रश्न विचारून उमेदवाराचा जमातीशी संबंध जोखला जातो. तीन पिढ्या शहरात काढलेल्या कुटुंबातली मुलगी यात नापास होऊ शकते, तर पाठांतर करून आलेला भलताच माणूस पास होऊ शकतो.

तरीही आपल्याकडे कुणी स्वतःबद्दल जे सांगेल ते जसंच्या तसं मान्य करा, असं मी म्हणणार नाही. राखीव जागा आणि राखीव नोकऱ्या मोजक्या आहेत आणि बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्याची तक्रार आदिवासी संघटना स्वतःच करत आल्या आहेत. कोष्टी ही हलबा जमातीचीच शाखा आहे का, या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, न्यायालयाने किंवा समितीने तिच्यात नवं नाव घुसवायचं नाही. आरक्षणाच्या वाटपासाठी अशी पक्की यादी लागते हे समजू शकतं. घोटाळा होतो तो हीच यादी दुसऱ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला वापरली की. एखादा समाज वेगळा लोकसमूह आहे का, त्याच्या जमिनीबद्दल त्याला विचारायला हवं का, हे प्रश्न नोकरीच्या कोट्याचे नाहीत. जागतिक बँकेने आपल्या प्रकल्पांसाठी हे वेगळं काढलं आहे. देशाच्या यादीत समाजाचं नाव कुठलंही असो, लोक स्वतःला वेगळे मानतात का आणि इतर त्यांना तसं ओळखतात का, ठरावीक भूभागाशी त्यांचं सामूहिक नातं आहे का, त्यांच्या संस्था आणि भाषा वेगळ्या आहेत का, हे बँक बघते. हे निकष कमीजास्त प्रमाणात लागू झाले तरी चालतात, सगळे शंभर टक्के जुळायला हवेत असं नाही.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात अॅफिनिटी टेस्टची मर्यादा मान्य केली. स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिक राहणी यांमुळे जमातीच्या जुन्या चालीरीती बदलतात, म्हणून ही चाचणी दाव्याची निर्णायक कसोटी ठरू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. घटना लागू होण्याच्या आधीच्या नोंदी हाती असतील तर त्यांना जास्त वजन द्यायचं. कागदपत्रांवर समितीचं समाधान झालं तर दक्षता पथक पाठवण्याची गरज नाही, आणि समाधान झालं नाही तर का झालं नाही हे समितीने थोडक्यात लिहायचं. निर्णय अजूनही समितीचाच आहे, समाजाचा नाही. त्यामुळे पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ‘ठाकूर’ लिहिलं होतं की ‘हिंदू ठाकूर’ की नुसतं ‘मराठा’, यावर आजही नात्यातल्या डझनभर माणसांचं भवितव्य अडलेलं असतं.